अंथरुणापासून दारापर्यंत

नैराश्यात असलेल्या माणसाला सगळे एक सल्ला हमखास देतात: रोज अर्धा तास चालत जा, बघ कसं बरं वाटेल. सल्ला खोटा नाही. पण ज्याला दात घासायला उठायचं तरी तासभर मनाची तयारी करावी लागते, त्याला अर्ध्या तासाचं चालणं सांगून उपयोग होत नाही. तो एखाद्या सोमवारी बळ एकवटून निघतो, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परत येतो, मंगळवारी उठवतच नाही, आणि ‘आपल्याच्याने एवढंही होत नाही’ ही आणखी एक बोच पदरात पडते. हा लेख त्या मंगळवारच्या माणसासाठी आहे. अंगात त्राण नसताना हालचाल कुठून सुरू करायची, किती करायची, कधी वाढवायची आणि कधी थांबायचं, एवढंच यात सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं सोपं जाईल. मन खचलं की माणूस कामं टाळू लागतो. फोन उचलत नाही, खाली उतरत नाही, अंघोळ पुढे ढकलतो. यातलं प्रत्येक टाळणं त्या क्षणी सुटकेसारखं वाटतं. पण दिवसभरात चार बरे क्षण ज्या गोष्टींतून येतात, त्याच गोष्टी अशाने एकेक करून बंद होतात. शेजारणीशी दोन शब्द, अंगावर पडलेलं ऊन, हातून पूर्ण झालेलं एखादं काम, हे सगळं थांबतं, मन आणखी खाली जातं आणि मग आणखी टाळाटाळ होते. पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे चक्र मांडलं आणि ते उलट्या बाजूने फिरवायची रीत सुचवली. मन ताळ्यावर येईल तेव्हा काम करू, अशी वाट बघत बसायचं नाही. जमेल तेवढं छोटं काम आधी करायचं, मनाला मागून येऊ द्यायचं.

ही रीत आपल्याकडे कशी चालते, हे गोव्यात तपासून झालं आहे. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या जवळजवळ पाचशे जणांसोबत एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. त्याच भागातली, मानसिक आरोग्याचं आधी कसलंही शिक्षण नसलेली माणसं प्रशिक्षण देऊन तयार केली होती. सहा ते आठ भेटी, आणि त्यात मुख्य काम एकच: रोज कोणती छोटी कृती करायची ते ठरवणं, ती करणं, मन कसं होतं ते बघणं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच, पण थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. हा काही व्यायामाचा कार्यक्रम नव्हता. पण अंग हलवण्याबद्दल पुढे जे सांगणार आहे, त्याचा पाया हाच आहे. हालचाल हीसुद्धा अशीच एक कृती आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत, दुसरं माणूसही लागत नाही.

व्यायामाचं म्हणाल, तर २०२४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात दोनशेहून अधिक चाचण्यांचा एकत्र आढावा आला. चालणं, योगासनं आणि वजन उचलण्यासारखे ताकदीचे व्यायाम, या तिन्हींचा नैराश्यावर चांगला परिणाम दिसला. त्यात असंही दिसलं की श्रम जितके जास्त, तितका फायदा जास्त. हे मी लपवत नाही. हळू हालचालीचा परिणाम जोरकस व्यायामाहून कमी असू शकतो. पण जो जोरकस व्यायाम आज होणारच नाही, त्याच्याशी तुलना करून काय मिळणार? आणि थकव्यापुरतं बोलायचं तर चित्र वेगळं आहे. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात २००८ मध्ये सतत थकवा जाणवणाऱ्या, बैठ्या सवयीच्या ३६ तरुणांवर एक लहान अभ्यास झाला. आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं, सहा आठवडे. ज्यांनी सावकाश व्यायाम केला त्यांचा थकवा ६५ टक्क्यांनी उतरला. ज्यांनी मध्यम जोराने केला त्यांचा ४९ टक्क्यांनी. अभ्यास छोटा आहे आणि ती मुलं नैराश्याची रुग्ण नव्हती, तेव्हा त्याच्यावर फार मोठा इमला रचायला नको. पण अंग शिणलेलं असताना ‘घाम निघाल्याशिवाय उपयोग नाही’ ही समजूत सोडून द्यायला तो पुरेसा आहे.

किती करायचं, ते वाईट दिवसावरून ठरवा

इथे बहुतेकांची गल्लत होते. मन जरा बरं असलेल्या दिवशी आपण ठरवतो, ‘उद्यापासून वीस मिनिटं.’ पण ते ‘उद्या’ वाईट दिवस म्हणून उगवलं की पहिल्याच दिवशी खाडा होतो. म्हणून माप वाईट दिवसाचं घ्यायचं. गेल्या आठवड्यातला सगळ्यात जड दिवस आठवा. त्या दिवशी तुम्ही काय करू शकला होतात? स्वयंपाकघरात दहा मिनिटं उभं राहता आलं असेल, तर सुरुवात पाच मिनिटांनी. फक्त संडासला जाऊन परत आला असाल, तर सुरुवात पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसण्याने. जे जमलं त्याच्या निम्मं, असं ढोबळ माप धरा. हे तुमचं ‘किमान’. चांगल्या दिवशीही सुरुवातीचे आठ-दहा दिवस याच्या वर जायचं नाही. हे पाळणं कठीण असतं, कारण इतकं थोडं करताना आपल्याला आपली लाज वाटते. पण खाडा न होता सलग आठ दिवस काहीतरी पार पडणं, ही तुमच्या गेल्या काही महिन्यांतली पहिली अशी गोष्ट असू शकते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते बघू. अगदी उठवतच नसेल तर पडल्या पडल्याच सुरू करा. पाठीवर झोपून दोन्ही पावलं घोट्यातून पुढे-मागे हलवा, दहा वेळा. मग गुडघे वाकवून तळवे गादीवर टेकवा आणि एकेक गुडघा हळूच पोटाकडे आणून परत ठेवा, पाच-पाच वेळा. शेवटी दोन्ही हात श्वास घेत डोक्यामागे न्या आणि श्वास सोडत खाली आणा, पाच वेळा. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आत होतं. याने स्नायू कमावले जात नाहीत. एरवी फक्त मोबाइलवर अंगठा फिरत असतो, तिथे सगळं अंग एकदा जागं होतं आणि उठून बसायचं पुढचं काम थोडं हलकं होतं.

उठताना कुशीवर वळा, हाताचा आधार घ्या, पाय खाली सोडा आणि पावलं जमिनीला टेकवून एक मिनिट तसेच बसा. हे मिनिट गाळू नका. बराच वेळ आडवं राहिल्यावर एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि नैराश्यावरच्या काही औषधांनी ही अंधारी वाढते. बसल्या बसल्या टाचा उचला, खाली ठेवा, दहा वेळा. पोटरीचे स्नायू आवळले की पायांत साचलेलं रक्त वर सरकायला मदत होते. आदल्या रात्री उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला असेल तर चार घोट घ्या. तरीही गरगरत असेल तर परत आडवे व्हा. रोजच असं होत असेल तर डॉक्टरांना कळवा, औषध स्वतःहून बंद करू नका.

उभं राहता येत असेल तर स्वयंपाकघराचा ओटा हा सगळ्यात चांगला आधार. दोन्ही हात ओट्यावर ठेवून टाचा उचला, दहा वेळा. चहा उकळेपर्यंत एवढं सहज होतं. दुसरा व्यायाम खुर्चीचा: भिंतीला टेकवलेल्या, न घसरणाऱ्या खुर्चीतून उठायचं आणि सावकाश परत बसायचं. पाच वेळा. पहिल्यांदा हाताचा आधार घ्या, आठवड्याभराने हात छातीशी धरून बघा. मांड्यांचे मोठे स्नायू यात कामाला लागतात, आणि जास्त दिवस पडून राहिल्यावर लवकर झिजणाऱ्यांत हे येतात. जिना चढताना पाय लटपटतात त्यामागे मनाइतकंच हेही कारण असतं. माझं स्पष्ट मत आहे की एकच व्यायाम करायची ताकद असेल तर तो खुर्चीचा करावा.

आणि मग दार. घरात शंभर पावलं चालणं आणि गॅलरीत जाऊन पाच मिनिटं उभं राहणं यात निवड करायची असेल, तर मी गॅलरी सांगेन. कारण उजेड. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, आणि सकाळच्या उजेडावर शरीराचं झोपेचं घड्याळ लागतं. ज्यांचे दिवस पडदे ओढलेल्या खोलीत जातात त्यांची रात्रीची झोप विस्कटते, आणि विस्कटलेली झोप दुसऱ्या दिवशीची ताकद खाते. गॅलरी नसेल तर खिडकीशी खुर्ची सरकवा. पहिल्या दिवशी नुसता पडदा सरकवणं, हेही त्या दिवसाचं काम म्हणून मोजा.

वेळ घड्याळाची, इच्छेची नाही

‘बरं वाटलं की करेन’ असं ठरवलं तर ते व्हायचं नाही, कारण बरं वाटणं हेच तर हरवलेलं असतं. म्हणून हालचाल रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधून टाका. सकाळची गोळी घेतली की टाचा. चहाचं आधण ठेवलं की ओटा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत खुर्ची. संध्याकाळी दिवा लावला की गॅलरी. नवी वेळ लक्षात ठेवायचं ओझं उरत नाही.

पण कोणत्या वेळी, हे मात्र तुमचं तुम्ही बघायचं. नैराश्यात पुष्कळांना सकाळ सगळ्यात जड जाते आणि दुपारनंतर जरा मोकळं होतं. अशा माणसाने ‘पहाटे उठून व्यायाम’ हा संकल्प सोडावा. सकाळी फक्त पडदा सरकवायचा, हालचाल चार वाजता. काहींचं उलटं असतं. दोन-तीन दिवस दर तीन तासांनी स्वतःला शून्य ते दहा गुण देऊन बघा. दिवसातली त्यातल्या त्यात बरी वेळ लगेच कळते.

हे गुण पुढेही कामाला येतात. हालचालीच्या आधी मन कसं आहे त्याचा आकडा लिहा, आणि संपल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा लिहा. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात ‘३–४’ एवढं लिहिलं तरी चालतं. याची गरज का आहे? २०११ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी व्यायामाआधी लोकांना विचारलं की तुम्हाला कितपत मजा येईल, आणि नंतर विचारलं की प्रत्यक्षात किती आली. लोकांचा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघाला, कारण त्यांचं लक्ष सुरुवातीच्या नकोशा मिनिटांवर खिळलेलं होतं. धडधाकट माणसांचं हे असं, तर खचलेलं मन पुढच्याबद्दल किती काळं भाकीत करत असेल! आधी-नंतरचे आकडे त्या भाकिताला लेखी उत्तर देतात.

मात्र अपेक्षा नेमकी ठेवा. तीनाचे आठ होत नाहीत. बहुतेक वेळा एका गुणाचा फरक पडतो, काही वेळा काहीच पडत नाही, आणि पडलेला फरक तास-दोन तासांत विरूनही जातो. एकेका दिवसाकडे बघू नका. दहा नोंदी झाल्या की त्या एकत्र बघा. त्यातल्या सहा-सात वेळा आकडा एकाने वर गेला असेल तर गाडी बरोबर रस्त्यावर आहे. आकडा सतत खाली जात असेल तर कारण शोधा. बरेचदा हालचाल जास्त झालेली असते. कधी जागा चुकीची असते: खाली पार्किंगमध्ये फिरताना ‘हल्ली दिसत नाही, बरं नाही का?’ असं विचारणारे शेजारी भेटतात आणि त्याचाच धसका बसतो. मग गच्ची निवडा, नाहीतर दुपारची शांत वेळ.

एक उदाहरण

एक घडवलेलं उदाहरण घेऊ; यातलं सगळं प्रत्यक्षात कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतच असतं. डोंबिवलीतल्या एका तीन मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी ४६ वर्षांची बाई. नवरा साडेसातला लोकल पकडतो, मुलगी कॉलेजला जाते. नैराश्याचं औषध सुरू होऊन तीन आठवडे झालेत. सगळ्यात वाईट दिवशी ती दोनदा उठते: कामवाल्या बाईंना दार उघडायला आणि संडासला.

पहिला आठवडा: सकाळची गोळी घेतली की पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, टाचा दहा वेळा. दुपारी कामवाल्या बाईंना दार उघडल्यावर लगेच न परतता गॅलरीत खुर्चीवर दोन मिनिटं. एवढंच. सात दिवसांत एक दुपार चुकली. चुकलेलं दुसऱ्या दिवशी भरून काढायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. गुण: २–२, ३–३, २–३, ३–३, ३–४. तिच्या मते ‘काही फरक नाही’. तरीही आठवडा पार पडला.

दुसरा आठवडा: खुर्चीतून पाच उठाबशा आल्या, गॅलरी पाच मिनिटांची झाली. पाचव्या दिवशी, रविवारी, मन जरा हलकं होतं, आणि बहीण येणार होती. या बाईने सकाळी माळ्यावरची भांडी काढली, पुसली, बाथरूम घासलं, चार माणसांचा स्वयंपाक केला. सोमवार-मंगळवार ती उठू शकली नाही. नैराश्यातून वर येताना हा अपघात फार जणांना होतो. एक दिवस हातात आल्यासारखा वाटतो, आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं काम त्या एका दिवशी उरकावंसं वाटतं. नंतरचे दोन दिवस बघून माणूस म्हणतो की हालचालीनेच मला त्रास होतो. त्रास एकदम झालेल्या कामाने होतो.

इथे काय केलं? बुधवारी पहिल्या आठवड्याच्या मापावर परत यायचं: कडेला दोन मिनिटं, गॅलरीत दोन मिनिटं. दोन दिवस ते नीट जमलं की पुन्हा दुसऱ्या आठवड्याचं माप. शिवाय एक नियम जोडला: काही वाढवलं की दुसऱ्या दिवशी त्याच वेळी स्वतःला विचारायचं, कालच्यापेक्षा जास्त गळून गेल्यासारखं वाटतंय का? वाटत असेल तर आदलं माप जास्त होतं. नसेल तर तेच माप आठवडाभर चालू.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जिन्याचा प्रश्न आला. खाली उतरण्यात तिची खरी अडचण जिना नव्हतीच. घरात ती दिवसभर मॅक्सीत असायची, आणि खाली जायचं तर कपडे बदला, केस विंचरा. ते मनावर येई. मग असं ठरलं की दुपारी अंघोळ झाली की सरळ पंजाबी ड्रेसच घालायचा, खाली जायचं असो वा नसो, आणि चपला कपाटात न ठेवता दाराशी. पहिल्या दिवशी एक मजला उतरून परत वर. उतरणं सोपं, चढणं कठीण, म्हणून माप नेहमी चढण्याचं धरायचं. श्वास इतका लागायला नको की फोनवर एक पूर्ण वाक्य बोलता येणार नाही. चार दिवसांनी दोन मजले. पाचव्या आठवड्यात ती खाली पोचली आणि गेटपाशी पाच मिनिटं थांबून वर आली. त्या दिवसाचे गुण ३–५.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी ती कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाऊन-येऊन बारा मिनिटं चालत होती, आठवड्यातून चार दिवस. उरलेल्या तीन दिवशी गॅलरी आणि खुर्ची. झोप जरा लवकर लागू लागली होती, मुलीशी बोलणं वाढलं होतं. मन अजून पूर्ण सुधारलेलं नव्हतं, औषध चालूच होतं. यात औषधाचा वाटा किती आणि हालचालीचा किती, हे वेगळं काढता येत नाही आणि काढायची गरजही नाही.

घरच्यांनी काय करावं

‘ऊठ, जरा हातपाय हलव, सगळं मनावर असतं’ हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटलं तरी ऐकणाऱ्याला आरोपासारखं लागतं. त्याऐवजी सोबत द्या. ‘आई, मी चहा घेऊन गॅलरीत बसतोय, तुझा कप तिकडेच आणू?’ यात आग्रह नाही, आणि नाही म्हणायची मोकळीक आहे. ती नाही म्हणाली तर चहा तिच्या खोलीत नेऊन द्या आणि तिथेच बसा. उद्या पुन्हा विचारा.

झालेल्या गोष्टीचं लहान मुलासारखं कौतुक करू नका; मोठ्या माणसाला त्याने कमीपणा येतो. नुसतं ‘आज ऊन छान होतं ना’ म्हटलं तरी पोचतं. कॅलेंडरवरचे आकडे तपासायला जाऊ नका, ते तिचे आहेत. आणि ती एखाद्या दिवशी चार कामं झपाट्याने करायला निघाली, तर आनंदाच्या भरात आणखी दोन कामं सोपवू नका. त्या दिवशी ‘भांडी मी घासतो, तू बस’ म्हणणं ही खरी मदत.

आधी तपासून घ्यायच्या गोष्टी

गळून जाणं नेहमीच मनातून येतं असं नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं आपल्याकडच्या बायकांत अतिशय सर्रास आढळतं. थायरॉइड मंदावणं आणि शाकाहारी लोकांत बी-१२ कमी पडणं हेही पुष्कळ दिसतं. या तिन्हींत थकवा येतो, उत्साह जातो, मन उदास होतं. हिमोग्लोबिन सात-आठवर असताना जिन्यावर धाप लागते ती आळसामुळे नाही, आणि अशा वेळी मिनिटं वाढवत नेणं बरोबर नाही. दोन-तीन आठवड्यांहून जास्त असं वाटत असेल तर या साध्या रक्ततपासण्या आधी करून घ्या. छातीत दुखणं, धडधड, पायाला सूज, ताप यांपैकी काही असेल तर हालचाल थांबवून डॉक्टरांकडे जा. वजन झपाट्याने उतरत असेल, जेवण जवळजवळ बंद असेल, तरीही आधी डॉक्टर.

एक आजार असा आहे की त्यात वर सांगितलेली ‘हळूहळू वाढवा’ ही रीत घातक ठरू शकते. काहींना कोविडनंतर किंवा दुसऱ्या एखाद्या संसर्गानंतर महिनोन्‌महिने असा थकवा राहतो की थोड्याशा श्रमानेही, लगेच नव्हे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अंग पार कोसळतं. घसा दुखतो, डोकं काम करेनासं होतं, आणि ते आठवडाभर टिकतं. याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम किंवा एमई म्हणतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये, अशा रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी वाढत जाणारा व्यायाम देऊ नये, असं स्पष्ट केलं. नैराश्याच्या थकव्यात सहसा हालचालीआधी नकोसं वाटतं आणि नंतर जरा बरं. या आजारात करताना जमल्यासारखं वाटतं आणि दोन दिवसांनी किंमत मोजावी लागते. तुमच्या नोंदींत हा दुसरा नमुना दिसला, तर वाढवणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना नेमकं हेच सांगा.

आणखी एक गोष्ट सरळ सांगायला हवी. उपचार सुरू झाल्यावर कधी कधी मन सावरायच्या आधी अंगातली ताकद परत येते. माणूस हिंडू-फिरू लागतो म्हणून घरचे निर्धास्त होतात, पण आत काळे विचार तसेच असू शकतात. जगणं नकोसं वाटतंय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय असं मनात येत असेल, तर व्यायामाचं राहू द्या. लगेच जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ या ‘टेलिमानस’च्या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही हे थेट विचारायला घाबरू नये. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही.

सहा आठवडे एवढं सगळं करूनही आकडे जागचे हलले नाहीत, तर कॅलेंडरची पानं घेऊन डॉक्टरांकडे जा. किती दिवस जमलं, दिवसाच्या कोणत्या वेळी जमलं, करून झाल्यावर आकडा वर गेला की खाली, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, झोप कशी होती, हे त्या चौकोनांत लिहिलेलं असतं. ‘बरं वाटत नाही’ एवढ्याच शब्दांवरून औषध बदलायचं, मात्रा वाढवायची की रक्त तपासायचं हे ठरवणं डॉक्टरांना अवघड जातं. सहा आठवड्यांच्या नोंदी समोर असल्या की ते सोपं होतं. आणि निर्णय काहीही झाला, तरी दुसऱ्या दिवशीची दोन मिनिटं चालू ठेवायला हरकत नसते, फक्त तसं डॉक्टरांना विचारून घ्या.